माझं नाव देऊ नकोस

‘सर, नवीन कंपनीत सिलेक्शन जवळपास झालंय. रेफरन्सला तुमचं नाव दिलं तर चालेल ना?’

ज्यांनी दहा-वीस माणसं हाताखाली वागवली आहेत, त्यांना हा मेसेज वर्षातून एकदा-दोनदा येतोच. माणूस चांगला असेल तर ‘जरूर दे’ लिहायला दहा सेकंदही लागत नाहीत. पण ज्याच्या कामाची शिफारस आपल्याच्यानं होणार नाही, त्याचा मेसेज आला की बहुतेक जण तो उघडतात आणि उत्तर न देता ठेवून देतात. मी क्वालिटी विभागात काम करतो आणि असे फोन दोन्ही बाजूंनी केले आहेत. कुणाला घेताना मी चौकशी करतो आणि माझ्याकडून गेलेल्यांची चौकशी माझ्याकडे येते. नकार द्यायला हरकत नाही, असं माझं ठाम मत आहे. मात्र तो त्या माणसाला स्वतः, स्पष्ट आणि फॉर्म भरला जाण्याआधी कळायला हवा.

एक उदाहरण सांगतो. पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातला, वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना. तिथे एक मुलगा लाइन इन्स्पेक्टर होता. 25 मिलिमीटर व्यासाची पिन, ड्रॉइंगवर सूट अधिक-उणे 0.02. दर तासाला पाच पिना उचलायच्या, मायक्रोमीटरनं मोजायच्या आणि रिपोर्टवर पाच आकडे लिहायचे, एवढं काम. त्याच्या रिपोर्टवर तासामागून तास 25.01, 25.01, 25.00, 25.01 असे सरळ आकडे असत. मशिनचं टूल जसजसं झिजतं तसतसा माप हळूहळू एका बाजूला सरकतो आणि टूल बदललं की पुन्हा मागे येतो. या रिपोर्टवर ती सरक कुठेच दिसत नव्हती. मग एका दिवसाचा रिपोर्ट आणि गेटपासचं रजिस्टर शेजारी ठेवलं. त्या दिवशी तो मायक्रोमीटर कॅलिब्रेशनसाठी बाहेर गेलेला होता आणि त्या मापाचा दुसरा शॉपमध्ये नव्हता. रिपोर्टवर मात्र आठही तासांचे आकडे भरलेले. त्याला बोलावून विचारलं, लेखी समज दिली. दोन महिन्यांनी पुन्हा तेच सापडलं. पुढे तो स्वतःहून सोडून गेला.

आता तोच मुलगा ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीच्याच जागेवर निघाला आहे आणि मेसेज त्याचा आहे.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण गोंधळ नेमका इथेच होतो. तो कधी रुजू झाला, कधी गेला, कोणत्या पदावर होता, ही नोंद झाली. ती त्याच्या हक्काची आहे. 1946 च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या नमुना आदेशांतही कायम कामगाराला नोकरी संपताना सेवेचा दाखला देण्याची तरतूद होती. राग आला म्हणून रिलीव्हिंग लेटर अडवणं किंवा तारखा कळवायला टाळाटाळ करणं हा सरळ अन्याय आहे. तो कितीही वाईट कामगार असला तरी. रेफरन्स म्हणजे मात्र तुमचं मत. ‘याला घ्या’ असं म्हणायची सक्ती खासगी नोकरीत तुमच्यावर कुणी करू शकत नाही.

मग उत्तर काय द्यायचं? मी असं लिहीन: ‘मेसेज मिळाला. क्वालिटीच्या कामासाठी मी तुझा रेफरन्स होऊ शकणार नाही, म्हणून माझं नाव देऊ नकोस. तुझ्या तारखा आणि पद एचआर मेलवर कळवेल, त्यात काही अडचण येणार नाही. कारण ऐकायचं असेल तर संध्याकाळी फोन कर.’

‘सध्या फार कामात आहे’ असं लिहिलं तर तो म्हणेल, ‘चालेल सर, त्यांना पुढच्या आठवड्यात फोन करायला सांगतो.’ ‘कंपनीची पॉलिसी नाही’ हे खरंच तसं असेल तरच लिहावं, कारण मागच्याच महिन्यात तुम्ही दुसऱ्याला रेफरन्स दिलेला असतो आणि ते त्याला ठाऊक असतं. ‘बघू’ हे तर सगळ्यांत वाईट. आपल्याकडे ‘बघू’चा अर्थ गरजू माणूस ‘हो’ असाच घेतो आणि नाव टाकून मोकळा होतो.

नाव टाकलं की पडताळणी करणाऱ्या एजन्सीचा फोन येतो. तारखा, पद, कामाचा दर्जा, वागणूक असे प्रश्न येतात आणि शेवटी हमखास एक असतो: ‘तुम्ही याला पुन्हा नोकरीवर घ्याल का?’ या प्रश्नावर सभ्य माणसं अडखळतात. ‘तसा मुलगा चांगला आहे, पण…’ म्हणून थांबतात. ऐकणारा तो थांबा बरोबर टिपून घेतो. त्या मुलाला वाटत असतं सरांनी चांगलंच सांगितलं असेल, आणि ऑफर का आली नाही हे त्याला कधीच कळत नाही. मोघम कौतुक दयाळू वाटतं, पण त्यानं त्या मुलाचं जास्त नुकसान होतं. आणि खोटं कौतुक केलं तर ब्रेकच्या भागांवर न मोजलेले आकडे लिहिले जाण्याची शक्यता आपण पुढे ढकलतो.

त्यानं संध्याकाळी फोन केलाच, तर त्याला माहीत असलेलंच सांगावं. ते दोन रिपोर्ट, ती समज. स्वभावावर घसरू नये. आणि नोकरीत असताना त्याला एकदाही टोकलं नसेल, तर रेफरन्स नाकारताना प्रथमच ते ऐकवणं योग्य नाही. तेव्हा आपलं मत आपण पाहिलेल्या कामावर उभं आहे की ऐकीव गोष्टींवर, हे आधी तपासावं.

हा मुलगा इन्स्पेक्शनला येण्याआधी वर्षभर टूल स्टोअरला होता आणि तिथलं त्याचं रजिस्टर चोख होतं. स्टोअरच्या जागेसाठी विचारलं असतं, तर मी आनंदानं नाव देऊ दिलं असतं. पण फोनवर कुणी इन्स्पेक्शनबद्दल विचारलं तर खरं तेच सांगेन, हेही त्याला आधीच सांगितलं असतं.

कधी कधी न विचारताच नाव दिलेलं असतं आणि थेट फोन येतो. तेव्हा ‘मी रेफरन्स देऊ शकणार नाही, नोंदींसाठी आमच्या एचआरला मेल करा’ एवढंच म्हणून थांबावं आणि त्याच दिवशी त्या मुलाला कळवावं. ओळखीतला मॅनेजर ‘खासगीत सांगा हो’ म्हणाला तरी मोह आवरावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये अब्रुनुकसानीला अपवाद आहेत, दुसऱ्याच्या हितासाठी सद्भावनेनं केलेलं विधान त्यात बसू शकतं. पण सद्भावना दाखवायला हातात कागद लागतो आणि चहावर बोललेल्या गोष्टींना तो नसतो. चोरी किंवा छळाची चौकशी होऊन निर्णय झालेला असेल, तर तेही एचआरनं नोंदीवरून, लेखीच कळवावं.

तुमच्या फोनमध्ये असा एखादा मेसेज उत्तराविना पडून असेल, तर आजच उत्तर द्या. त्या माणसाला दुसरं नाव शोधायला, त्याची परवानगी घ्यायला दोन-चार दिवस लागतात, आणि फॉर्मची मुदत त्याच्यासाठी थांबत नाही.