टाकीचे लीटर आणि पायची किंमत

वृत्तचितीचे घनफळ म्हणजे तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची, म्हणजेच πr²h. तेवढाच तळ आणि तेवढीच उंची असलेला शंकू त्याच्या एकतृतीयांश भरतो. गोलाचे घनफळ (4/3)πr³ असते. वृत्तचितीची उंची तिच्या व्यासाइतकी घेतली, तर तिच्यात नेमका बसणारा शंकू, गोल आणि ती स्वतः यांची घनफळे १:२:३ या प्रमाणात येतात. तीन सूत्रे लक्षात ठेवायला एवढे नाते पुरते. सरावपत्रिकेत मुले अडखळतात ती बहुधा पुढच्या पायरीवर, सूत्रात आकडे घालताना.

एक नेहमीचे उदाहरण घ्यावे. पाण्याच्या टाकीचा व्यास १४० सेमी आणि उंची १.५ मीटर आहे, तर तिच्यात किती लीटर पाणी मावेल? एक माप सेंटिमीटरमध्ये आणि दुसरे मीटरमध्ये देणे ही प्रश्न काढणाऱ्याची जुनी खोडी. त्रिज्या ०.७ मीटर घेतली की घनफळ २२/७ × ०.४९ × १.५, म्हणजे २.३१ घनमीटर येते. एका घनमीटरात १००० लीटर असतात, म्हणून उत्तर २३१० लीटर. आता कोणी ७० आणि १.५ हेच आकडे तसेच गुणले, तर २३,१०० येतात. त्यांना घनसेंटिमीटर समजून हजाराने भागले की टाकीत २३ लीटर पाणी, फार तर दीड-दोन बादल्या! माणसाच्या छातीपर्यंत येणाऱ्या टाकीत एवढेच पाणी मावेल, हे पटण्यासारखे नाही. तिथेच थांबून मापे पुन्हा पाहावीत. त्रिज्येऐवजी व्यास घातला, तर वर्गामुळे उत्तर चौपट, ९२४० लीटर होते. ही चूक जास्त लबाड आहे, कारण एवढी मोठी टाकीही असू शकते.

एकक बदलतानाही सावध राहावे लागते. मीटरचे सेंटिमीटर करताना १०० ने गुणतात, पण चौरस मीटरचे चौरस सेंटिमीटर करताना १०,००० ने आणि घनमीटरचे घनसेंटिमीटर करताना १०,००,००० ने. म्हणून सगळी मापे आधीच एका एककात आणावीत. उत्तर आल्यावर एकक बदलणे म्हणजे चुकीला आमंत्रण.

पृष्ठफळात सूत्राआधी प्रश्न वाचावा लागतो. याच टाकीला रंग द्यायचा असेल, तर वक्रपृष्ठफळ 2πrh म्हणजे ६.६ चौरस मीटर, आणि वरचे झाकण १.५४ चौरस मीटर. तळ जमिनीला टेकलेला असतो, त्याला कोणी रंग देत नाही. तेव्हा ८.१४ हे उत्तर. एकूण पृष्ठफळाच्या सूत्रातून येणारे ९.६८ इथे चूक. शंकूच्या वक्रपृष्ठफळात (πrl) लंब उंची नव्हे, तर तिरकस उंची लागते. त्रिज्या ७ आणि लंब उंची २४ सेमी असेल, तर पायथागोरसच्या प्रमेयाने तिरकस उंची २५ सेमी, आणि वक्रपृष्ठफळ ५५० चौसेमी.

याच शंकूवर पायचा खेळही दिसतो. त्याचे घनफळ नेमके ३९२π आहे. २२/७ घेतले तर १२३२ घसेमी, ३.१४ घेतले तर १२३०.८८, खरी किंमत सुमारे १२३१.५०. म्हणजे दशांशात लिहिलेले ३.१४ अधिक काटेकोर दिसत असले, तरी २२/७ हा अपूर्णांक किंचित जवळचा आहे. फक्त तो थोडा जास्त भरतो आणि ३.१४ थोडे कमी. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) सूक्ष्म कामासाठी ३९२७/१२५०, म्हणजे ३.१४१६ दिले आणि २२/७ व्यवहारासाठी पुरेसे मानले. सरावपत्रिकेत निवड सोयीची असते. त्रिज्या ७ च्या पटीत असेल तर २२/७ मुळे छेद उडतो, त्रिज्या १० असेल तर ३.१४ सोपे पडते. प्रश्नात किंमत दिली असेल, तर मात्र तीच घ्यावी, नाहीतर उत्तर उत्तरसूचीशी जुळत नाही.

कधी π ची किंमत घालायचीच नसते. ६ सेमी त्रिज्येचा धातूचा गोल वितळवून २ सेमी त्रिज्येचे आणि ६ सेमी उंचीचे शंकू ओतायचे आहेत. गोल २८८π घसेमी, एक शंकू ८π घसेमी. Π दोन्हीकडून जातो आणि ३६ शंकू मिळतात. ३.१४ घालून गुणत बसणाऱ्याला उत्तर तेच मिळेल, पण दशांशांची उठाठेव करून. या प्रकारात धातू तेवढाच राहतो म्हणून घनफळे समान धरता येतात, पृष्ठफळे नाहीत. गोलाचे पृष्ठफळ १४४π चौसेमी आहे, तर त्या ३६ शंकूंचे मिळून सुमारे ५९९π, म्हणजे चौपटीहून थोडे जास्त. गोलाला मुलामा द्यायला जेवढे सोने लागले असते, त्याच्या चौपटीहून अधिक सोने आता तेवढ्याच जाडीच्या मुलाम्यासाठी लागेल.