आधी दुखलं की आधी उलटी झाली?

आठ वर्षांचा मुलगा संध्याकाळपासून बेंबीजवळ पोट दुखतंय म्हणतो आणि ताटाला हात लावत नाही. घरात लगेच तीन निदानं होतात: पोट साफ नसेल, बाहेरचं बाधलं असेल, नाहीतर जंत झाले असतील. तिन्ही शक्य आहेत. पण त्याआधी त्रास कोणत्या क्रमाने सुरू झाला, हे विचारायला हवं.

गॅस्ट्रोमध्ये बहुधा आधी उलट्या-जुलाब सुरू होतात. पोटात मुरडा येतो, शी झाली की थोडं बरं वाटतं. अपेंडिक्सला सूज आली असेल तर बहुतेक वेळा आधी दुखतं, मग भूक मरते आणि उलटी त्यानंतर होते. दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांत, साधारण दिवसभरात, उजव्या कुशीत खाली सरकतं आणि तिथेच ठाण मांडतं. मूल वाकून चालतं, खोकताना कळवळतं. एका पायावर उडी मारायला सांगितली तर नको म्हणतं.

बद्धकोष्ठतेची कळ जोरात आली तरी ती येते आणि जाते. मधल्या वेळात मूल खेळतं. कित्येक दिवसांनी होणारी कडक, जाड शी आणि ती करताना होणारं रडणं, हा तिचा पुरावा.

जंतांवर मात्र आपण उगाच जास्त आळ घेतो. त्यांनी पोट अधूनमधून दुखतं, रात्री गुदद्वाराशी खाज सुटते. एकाएकी तीव्र वेदना क्वचितच होते. मोठ्या जंतांचा गुंता आतड्यात अडकला तर पोट फुगतं आणि उलट्या होतात. तेव्हा घरी जंताची गोळी देऊन थांबू नये, रुग्णालय गाठावं.

समजा, त्या मुलाला पहाटे ताप आला, एक उलटी झाली आणि आता तो उजवीकडे हात लावू देत नाही. अशा वेळी एरंडेल किंवा एनिमा देऊ नये. खायला न देता त्याला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावं. डॉक्टर पोट तपासून गरजेप्रमाणे रक्त, लघवी आणि सोनोग्राफी बघतात. दुखणं अचानक थांबलं पण मूल मलूल दिसतंय, तर निर्धास्त होऊ नये. अपेंडिक्स फुटल्यावरही थोडा वेळ असं होतं.

हा क्रम पाच वर्षांखालच्या मुलांत नेहमी स्पष्ट दिसत नाही आणि अपेंडिक्समुळे कधी जुलाबही होतात. म्हणून दुखणं काही तास सतत वाढत असेल, तर लक्षणं जुळण्याची वाट पाहू नये. तान्हं बाळ थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन किंचाळत असेल, हिरवी उलटी झाली किंवा शीतून रक्त पडलं, तर लगेच निघावं. मुलगा असेल तर अंडकोषही पाहावेत. तिथे पीळ पडला तरी मूल पोटच दुखतं म्हणतं आणि तो पीळ साधारण सहा तासांत सोडवावा लागतो.