फॉरमॅट मारण्याआधी

लॅपटॉप मंद झाला म्हणून दुरुस्तीच्या दुकानात नेला की ठरलेला संवाद होतो. "फॉरमॅट मारावा लागेल. डेटा कुठे आहे?" "डी ड्राइव्हला." "मग काळजी नको, सी तेवढा उडवू." यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे. मंदपणा फॉरमॅटने जाईलच असं नाही आणि डी ड्राइव्ह म्हणजे वेगळी तिजोरी नव्हे. बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात.

समजा, तालुक्याच्या गावात हिशेबाची कामं करणाऱ्या एकाचा 2018 सालचा लॅपटॉप आहे. आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, 8 जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज 10. सुरू व्हायला पाच-सात मिनिटं लागतात, एक्सेल उघडलं की पडदा गोठतो. अशा वेळी आधी कारण शोधावं. Ctrl+Shift+Esc दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि Performance मध्ये डिस्कवर क्लिक करावं. ती HDD आहे की SSD, हे तिथेच लिहिलेलं असतं. आपण काहीही चालवत नसताना डिस्क बराच वेळ 100 टक्क्यांवर अडकली असेल आणि ती HDD असेल, तर नुसतं फॉरमॅट करून फारसं हाती लागत नाही. फिरत्या तबकडीवर वाचणारी सुई शेकडो ठिकाणी धावते. विंडोज कोरं असलं तरी तिचा वेग तोच राहतो. काही दिवस बरं वाटतं, मग अपडेट येतात आणि पुन्हा तेच. इथे खरा इलाज म्हणजे हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणं आणि नव्या एसएसडीवर विंडोज कोरं टाकणं. डिस्क आधीपासून एसएसडी असेल आणि रॅमही पुरेशी असेल, तर मात्र वर्षानुवर्षं साचलेली सॉफ्टवेअर आणि सुरू होताना मागे धावणारे प्रोग्राम हा संशयित ठरतो. तिथे कोरं इन्स्टॉलेशन उपयोगी पडतं.

आता बॅकअप. फोटो, कागदपत्रं, डाउनलोड्स यांची आठवण सगळ्यांनाच असते. हरवतात त्या फाइलसारख्या न दिसणाऱ्या गोष्टी. आपल्या हिशेबनिसाच्या लॅपटॉपवर अशा तीन आहेत.

पहिली म्हणजे फाँट. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली मराठी पत्रं युनिकोडमध्ये नसतात. आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फाँट त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. फाइल जपली आणि फाँट गेला, तर ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. म्हणून C:\Windows\Fonts मधून ते फाँट उचलून घ्यावेत. तिथे सापडले नाहीत, तर वापरकर्त्याच्या AppData\Local\Microsoft\Windows\Fonts या लपवलेल्या फोल्डरमध्ये पाहावं.

दुसरी म्हणजे टॅली. कंपन्यांचा डेटा आकड्यांच्या नावाच्या फोल्डरांत असतो. नेमका कुठे, ते टॅलीच्याच पडद्यावर दिसतं. तो फोल्डर अख्खा कॉपी करावा. पण एवढ्यावर भागत नाही. लायसन्स त्या विंडोजवर चालू केलेलं असतं, ते फॉरमॅटआधी टॅलीतूनच 'सरेंडर' करावं, म्हणजे नव्या जागी पुन्हा चालू करताना अडचण येत नाही. डिजिटल सहीचं टोकन यूएसबीत असतं, त्याला धोका नाही. फक्त त्याचा ड्रायव्हर नंतर पुन्हा टाकावा लागेल.

तिसरी म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. अनेकांचा समज असा की क्रोमचा फोल्डर कॉपी केला की झालं. पण ते पासवर्ड त्या विंडोज खात्याच्या किल्लीने बंद केलेले असतात, नव्या विंडोजमध्ये उघडत नाहीत. गुगल खात्याशी सिंक चालू आहे याची दुसऱ्या यंत्रावर खात्री करावी, नाहीतर क्रोमच्या सेटिंगमधून पासवर्ड फाइलमध्ये काढून घ्यावेत. ही फाइल कोणीही वाचू शकतो, म्हणून काम झालं की ती पुसावी.

या सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला जोडून चार फाइल प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. कॉपी झाल्याचा हिरवा पट्टा म्हणजे बॅकअप नव्हे, फाइल उघडली तो बॅकअप.

ड्रायव्हरचीही सोय आधीच करावी. कोऱ्या विंडोजला वाय-फाय ओळखता आलं नाही आणि सेटअप इंटरनेट मागत राहिला, तर माणूस तिथेच अडकतो. बाहेरच्या डिस्कवर Drivers नावाचं फोल्डर करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ही ओळ टाकावी. E: च्या जागी आपल्या डिस्कचं अक्षर घालावं.

```
pnputil /export-driver * E:\Drivers
```

तरीही अडलंच, तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं की बहुधा काम निभावतं.

विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि हा प्रोसेसर विंडोज 11 ला चालतो, म्हणून तेच टाकावं. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल घ्यावं आणि किमान 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर सेटअप बनवावा. त्यावरचं जुनं सगळं पुसलं जातं. लॅपटॉपवर होम होतं की प्रो, ते पाहून तेच निवडावं. की विचारली, तर I don't have a product key म्हणावं. यंत्रावर विंडोज आधी रीतसर चालू असेल, तर इंटरनेट मिळताच ते आपोआप चालू होतं.

सर्वात धोक्याचा पडदा म्हणजे डिस्क निवडण्याचा. तिथे सी, डी ही अक्षरं दिसत नाहीत. Disk 0 Partition 3 अशी नावं आणि आकार तेवढे दिसतात. घाईत चुकीची ओळ पुसली जाते ती इथेच. म्हणून बॅकअपची डिस्क या आधीच काढून ठेवावी. एसएसडी बदलणाऱ्याला तर ही भीतीच नाही: जुनी हार्ड डिस्क बाहेर काढलेली असते, पडद्यावर नव्या एसएसडीची Unallocated Space ही एकच ओळ उरते. जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घातली की ती हात न लागलेली दुसरी प्रत होते. त्यावर बिटलॉकर असेल, तर ती उघडायला 48 आकडी रिकव्हरी की लागेल. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते का, हे डिस्क काढण्याआधी पाहून लिहून ठेवावं.

नवं विंडोज सुरू झालं की आधी अपडेट, मग ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या उद्गारचिन्हाचं काही उरलं नाही, टॅलीत मागच्या वर्षाचा ताळेबंद उघडला, मराठी पत्र मराठीत दिसलं, टोकनने सही झाली, एवढं तपासून काम संपलं म्हणावं. जुनी डिस्क मात्र पुढचं एक विवरणपत्र भरून होईपर्यंत पुसू नये. काय विसरलं, हे कळतं ते त्याच कामाला पुन्हा बसल्यावर.