५७७/४०८ पर्यंतच्या दोन वाटा

दोनचं वर्गमूळ काढायची एक जुनी शिडी आहे. पहिली पायरी १/१. पुढे चढण्याचा नियम सोपा: अंश आणि छेद यांची बेरीज हा नवा छेद, आणि अंशात छेदाची दुप्पट मिळवली की नवा अंश. १/१ नंतर ३/२, मग ७/५, १७/१२, ४१/२९, ९९/७०, २३९/१६९ आणि आठव्या पायरीवर ५७७/४०८. हा आठवा अपूर्णांक आपल्या ओळखीचा आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात चौरसाच्या कर्णासाठी दिलेली किंमत, म्हणजे १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४), एकत्र केली की हाच अपूर्णांक हाती येतो. त्याची किंमत १.४१४२१५६… आणि खरं वर्गमूळ १.४१४२१३५…, म्हणजे दशांश चिन्हानंतरचे पाच अंक बरोबर.

या शिडीचा एक गुण लक्षात ठेवायचा. एक पायरी चढलं की चूक सुमारे ५.८ पटीने कमी होते. चार पायऱ्या चढलं की साधारण तीन अचूक अंक वाढतात. म्हणजे आपण कितव्या पायरीवर आहोत हे कळलं की उत्तर किती अचूक आहे हेही कळलं. एकेक पायरी चढणं मात्र फार संथ. म्हणून उड्या मारायच्या, आणि त्यासाठी दोन पद्धती आहेत.

पहिली न्यूटनची. x² − २ या वक्राचा आलेख डोळ्यांसमोर आणा. तो x-अक्षाला जिथे छेदतो तिथे आपलं उत्तर. एका अंदाजापाशी वक्राला स्पर्शिका काढायची आणि ती अक्षाला जिथे भेटेल तो नवा अंदाज धरायचा. त्यासाठी त्या बिंदूपाशी दोन गोष्टी लागतात: वक्राची उंची, म्हणजे फलाची किंमत, आणि वक्राचा चढ, म्हणजे विकलज. दुसरी पद्धत छेदिकेची. तिच्यात स्पर्शिका नाही. शेवटचे दोन अंदाज घ्यायचे, वक्रावरचे त्यांचे बिंदू सरळ रेषेने जोडायचे आणि ती रेषा अक्षापर्यंत वाढवायची. मग जुन्यातला जुना अंदाज सोडून द्यायचा आणि नव्याला जोडीत घ्यायचं. इथे विकलज लागतच नाही. दर फेरीला एकच नवी उंची काढावी लागते, कारण दुसरी उंची मागच्या फेरीतली हाताशी असते. पंधराव्या शतकात केरळमधल्या परमेश्वराच्या संस्कृत ग्रंथातही या धाटणीची आवर्तनाची रीत आढळते.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसा. दोनच्या वर्गमुळासाठी छेदिकेचं सूत्र फार आटोपशीर होतं: दोन अंदाजांच्या गुणाकारात २ मिळवा आणि त्यांच्या बेरजेने भागा. १ आणि ३/२ पासून सुरुवात करू. गुणाकार ३/२, त्यात २ मिळवून ७/२, बेरीज ५/२, भागाकार ७/५. पुढे ३/२ आणि ७/५ घेतले की ४१/२९. मग ७/५ आणि ४१/२९ घेतले की ५७७/४०८. आणखी एक फेरी केली की ४७३२१/३३४६१.

हे सगळे त्याच शिडीवरचे अपूर्णांक आहेत. पण ते कितव्या पायरीवर आहेत ते मोजून पाहा. १/१ पहिल्या, ३/२ दुसऱ्या, ७/५ तिसऱ्या, ४१/२९ पाचव्या, ५७७/४०८ आठव्या आणि ४७३२१/३३४६१ तेराव्या पायरीवर. १, २, ३, ५, ८, १३: फिबोनाचीची क्रमिका, जिच्यात पुढची प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज असते. मी हे पहिल्यांदा हाताने केलं तेव्हा तेरावी पायरी येईपर्यंत माझा विश्वास बसला नव्हता. पायरीपायरीने मोजत गेलो आणि ४७३२१ बरोबर तेराव्या जागी आला, तेव्हा वही मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

असं का होतं याचं कारण एका ओळीत मावतं. वरच्या सूत्रातून √२ वजा केला की नव्या अंदाजाची चूक मिळते:

(xy + 2)/(x + y) − √2 = (x − √2)(y − √2)/(x + y)

म्हणजे नवी चूक ही आधीच्या दोन चुकांचा गुणाकार भागिले अंदाजांची बेरीज. ताळा करून बघू. ३/२ ची चूक सुमारे ०.०८५८ आणि ७/५ ची −०.०१४२. गुणाकार −०.००१२२, त्याला २.९ ने भागलं की −०.०००४२, आणि ४१/२९ खरोखर तेवढाच कमी पडतो. चुका गुणल्या जातात तेव्हा अचूक अंकांची बेरीज होते, जसं शंभरांश गुणिले हजारांश म्हणजे लक्षांश. त्यामुळे नव्या अंदाजातले अचूक अंक साधारण आधीच्या दोन अंदाजांतल्या अंकांच्या बेरजेइतके. फिबोनाची येतो तो इथून.

आणि फिबोनाची आला की सुवर्ण गुणोत्तर येतंच. त्या क्रमिकेतल्या लागोपाठच्या संख्यांचं गुणोत्तर १.६१८ कडे जातं. म्हणून छेदिका पद्धतीत दर फेरीला अचूक अंक सुमारे १.६१८ पट होतात. या पटीलाच इंजिनिअरिंगचे विद्यार्थी पद्धतीची ‘ऑर्डर’ म्हणतात. हे फक्त वर्गमुळापुरतं नाही. उत्तरापाशी वक्र गुळगुळीत असेल आणि तिथे त्याचा चढ शून्य नसेल, तर नवी चूक ही जुन्या दोन चुकांचा गुणाकार गुणिले एक ठरावीक संख्या अशीच येते. त्या संख्येने सुरुवात थोडी पुढेमागे होते, पट १.६१८ चीच राहते.

न्यूटनच्या पद्धतीत चुकीचा वर्ग होतो, म्हणून अंक दर फेरीला दुप्पट. ३/२ पासून निघालं की तो १७/१२ वर जातो आणि तिथून थेट ५७७/४०८ वर: दुसऱ्या पायरीवरून चौथ्या, चौथ्यावरून आठव्या. दुप्पट म्हणजे १.६१८ पेक्षा जास्त, तेव्हा न्यूटन सरस, असं पुष्कळ ठिकाणी लिहून विषय संपवलेला असतो. ते मला पटत नाही, कारण त्यात कष्ट मोजलेले नसतात.

कष्ट मोजू. फलाची एक किंमत काढणं हे एक काम आणि विकलज काढणं हेही तूर्त तेवढंच एक काम धरू. न्यूटनला प्रत्येक फेरीला दोन कामं पडतात, छेदिकेला एक. तिला सुरुवातीला दोन बिंदूंची उंची काढावी लागते, तीही हिशोबात धरू. दोन कामांनंतर न्यूटन चौथ्या पायरीवर आणि छेदिका तिसऱ्या. चार कामांनंतर दोघेही आठव्या पायरीवर, त्याच ५७७/४०८ वर. सहा कामांनंतर न्यूटन सोळाव्या पायरीवर, तर छेदिका एकविसाव्या. आठ कामांनंतर न्यूटन बत्तिसाव्या आणि छेदिका पंचावन्नाव्या.

याचं मूळ सुवर्ण गुणोत्तराच्या एका खास गुणात आहे. त्याचा वर्ग म्हणजे तेच अधिक एक: २.६१८. न्यूटनच्या एका फेरीच्या खर्चात छेदिकेच्या दोन फेऱ्या होतात, आणि दोन फेऱ्यांत अंक १.६१८ च्या वर्गाइतके, म्हणजे २.६१८ पट होतात. न्यूटनचे त्याच खर्चात दोनच पट.

अर्थात विकलज दरवेळी तेवढंच महाग नसतं. x² − २ चं विकलज 2x, म्हणजे जवळजवळ फुकट. त्यामुळे प्रत्यक्ष वर्गमूळ काढायचं असेल तर न्यूटनच बरा. सीमा कुठे पडते तेही काढता येतं. २ चा लॉगरिदम भागिले १.६१८ चा लॉगरिदम हे उत्तर १.४४ येतं. म्हणजे विकलजाचा खर्च फलाच्या खर्चाच्या ४४ टक्क्यांहून कमी असेल तर न्यूटन फायद्याचा, जास्त असेल तर छेदिका.

विकलज खरोखर महाग पडतं अशी एक परिस्थिती पाहू. सीमारेषेवरचा खेळाडू ठरावीक वेगाने चेंडू फेकतो आणि तो बरोबर ७० मीटरवर पडावा यासाठी कोन हवा आहे. हवेचा विरोध धरला की चेंडू कुठे पडेल याचं सुटसुटीत सूत्र उरत नाही. संगणकाला क्षणाक्षणाचं गणित करत चेंडूची पूर्ण वाट आखावी लागते, तेव्हा कुठे फलाची एक किंमत मिळते. कोन किंचित बदलला तर चेंडू किती पुढे सरकेल, हे विकलज. ते काढायचं तर बहुधा किंचित वेगळ्या कोनाने दुसरी पूर्ण वाट आखायची. छेदिका पद्धत ही दुसरी वाट आखतच नाही. तिच्यासाठी मागच्या फेरीची वाट हीच दुसरी वाट. पायथनमधल्या `scipy.optimize.newton` या फंक्शनला विकलज दिलं नाही तर ते नाव न्यूटनचं ठेवून आतून छेदिका पद्धतच चालवतं.

ही पद्धत बिघडते त्याच्या दोन तऱ्हा सांगण्याजोग्या आहेत. पहिली शेवटच्या टप्प्यातली. संगणक साधारण सोळा अंक धरतो. आपल्या उदाहरणात एकविसाव्या पायरीवरच पंधरा अंक अचूक झालेले असतात. त्यानंतरही फेऱ्या चालू ठेवल्या तर लागोपाठचे दोन अंदाज संगणकाच्या लेखी एकच संख्या होऊन बसतात, उंचीतला फरक शून्य होतो आणि पडद्यावर NaN येतं. गणित चुकलेलं नसतं, थांबायला उशीर झालेला असतो. म्हणून पाऊल पुरेसं लहान झालं की भागाकार करण्याआधीच थांबायचं.

दुसरी तऱ्हा जास्त शिकवणारी. ७० मीटरसाठी सहसा दोन कोन असतात, एक सपाट फेकीचा आणि एक उंच फेकीचा. अंतर वाढवत नेलं की हे दोन कोन जवळ येतात, आणि खेळाडूच्या कमाल फेकीच्या अंतराला एकमेकांत मिसळतात. तिथे आलेख अक्षाला ओलांडत नाही, नुसता टेकतो, आणि चढ शून्य होतो. अशा ठिकाणी न्यूटनचे अंक दुप्पट होत नाहीत. चूक दर फेरीला फक्त निम्मी होते. छेदिकेचं काय होतं हे पाहायला सगळ्यात साधा टेकणारा वक्र घ्या, x². दोन अंदाजांपासूनचा नवा अंदाज xy/(x + y) येतो. त्याचा व्यस्त घेतला की तो आधीच्या दोन व्यस्तांची नुसती बेरीज असतो. म्हणजे इथेही फिबोनाचीच, पण आता अंकांमध्ये नाही, थेट चुकांच्या व्यस्तांमध्ये. त्यामुळे चूक दर फेरीला ०.६१८ पट होते, एवढंच. पावलं छापून लागोपाठच्या पावलांची गुणोत्तरं पाहिली आणि ती शून्याकडे न जाता ०.६१८ पाशी रेंगाळू लागली, की खेळाडू तेवढंच अंतर फेकू शकतो हे कळतं. अंतर त्याहून जास्त मागितलं तर कोनच अस्तित्वात नसतो, आणि मग पावलं कुठेच न स्थिरावता इकडून तिकडे उड्या मारत राहतात.