भेटीआधी माप

नव्या नोकरीला भेट म्हणून काय द्यायचं, याचं उत्तर बाजाराने आपल्यासाठी ठरवून टाकलेलं आहे: नाव छापलेला मग, पेनस्टँड, छोटासा गणपती, काचेच्या बरणीतलं झाड. यातली एकही वस्तू वाईट नाही. पण या सगळ्या टेबलावर ठेवून बघायच्या वस्तू. नोकरीबरोबर क्षेत्रही बदललं असेल, तर माणसाचं शरीर वेगळ्या कामाला जुंपलं जातं, आणि पहिले दोन-तीन महिने कुरकुर तिथून सुरू होते.

माझ्या एका मैत्रिणीचं उदाहरण घेते. बेचाळिशीची, उंची पाच फूट, म्हणजे साधारण 152 सेंटिमीटर. इतकी वर्षं हॉस्पिटलात वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होती. आता पुण्यातल्या एका टीपीए कंपनीत, म्हणजे विमा कंपन्यांच्या वतीने आरोग्यविम्याचे क्लेम तपासणाऱ्या कंपनीत, लागली आहे. आजार, औषधं, ऑपरेशनं यांची भाषा तिला तोंडपाठ आहे, म्हणून तर तिला घेतलं. पण आठ तास उभं राहून, फेऱ्या मारून काम केलेल्या बाईने आता आठ तास लॅपटॉपसमोर बसायचं आहे. आम्ही चौघींनी वर्गणी काढली, आणि काय घ्यायचं यावरून वाद सुरू झाला. मी म्हटलं, आधी तिचं माप घेऊ.

माप घरीच घेता आलं. जेवायचं टेबल आणि ऑफिसचं टेबल यांची उंची जवळपास सारखी असते, 75 सेंटिमीटरच्या आसपास. तिला चहाला बोलावलं, ऑफिसला घालते ते सँडल पायात ठेवायला लावले आणि शिवणकामाची टेप काढली. (“अगं, ब्लाउज शिवतेस का माझा?” असं तिने विचारलंच.) गुडघ्याच्या मागच्या खळीपासून जमिनीपर्यंत 40 सेंटिमीटर भरलं. खांदे सैल सोडून कोपर काटकोनात ठेवलं, तर ते बैठकीपासून 21 सेंटिमीटर वर आलं. म्हणजे पाय जमिनीवर नीट टेकवून ती बसली, तर तिचं कोपर जमिनीपासून 61 सेंटिमीटरवर येणार, आणि टेबल 75 वर. मधल्या 14 सेंटिमीटरमुळे टाइप करताना खांदे उचललेलेच राहतात. संध्याकाळी मानेच्या मुळाशी जो दगड बसल्यासारखा वाटतो, तो बहुतेक वेळा याचाच असतो. टेबलाच्या कडेचा लाल वळ हाताच्या खालच्या बाजूला उमटला असेल, तर शंकाच नको.

यावर उपाय म्हणजे खुर्ची वर घेणं. ऑफिसच्या खुर्चीला खटका असतो आणि ती साधारण 53 सेंटिमीटरपर्यंत चढते. कोपराचा प्रश्न सुटतो, पण मग पाय हवेत जातात. 53 वजा 40, म्हणजे 13 सेंटिमीटर अधांतरी. लटकणाऱ्या पायांमुळे बैठकीची पुढची कड मांडीच्या खालच्या बाजूला दाबते, पायांना मुंग्या येतात आणि दिवस संपेपर्यंत घोट्यांवर सूज चढते. ऑफिसात कमी उंचीच्या बायका बघा, बऱ्याच जणींनी पाय खुर्चीच्या खालच्या पाच फाट्यांवर गुंडाळून ठेवलेले असतात. ती सवय नाही, ती गैरसोय आहे. वॉर्डात ही अडचण तिला कधी आली नव्हती, कारण चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत राहतात. बसून ते काम थांबतं.

म्हणून आमची पहिली भेट ठरली पाय टेकवायचं फुटरेस्ट. तयार मिळतात, पण त्यांतली बरीचशी दहा सेंटिमीटरच्या आतली असतात. आम्ही सुताराकडून करून घेतलं: प्लायवूड 18 मिलिमीटरचं, वरची फळी 40 बाय 30 सेंटिमीटर, मागची बाजू थोडी उंच, म्हणजे पावलं किंचित वर कलतात. वर रबराची मॅट चिकटवली, म्हणजे सँडल घसरत नाहीत, आणि तळाला रबरी बुटक्या लावल्या, म्हणजे ऑफिसच्या गुळगुळीत फरशीवर ते पुढे पळत नाही. घरातला एखादा जुना पाटही या मापाच्या जवळ जातो. पण ज्या पाटावर बसून घरातले जेवले, ज्यावर कधी गौर बसली, त्यावर चपलेचे पाय ठेवायला आमच्यापैकी एकीचाही हात धजावला नाही, आणि मला ते पटलं.

पाठीचा हिशेबही त्याच टेपने झाला. पाठीमागून गुडघ्याच्या खळीपर्यंत तिची मांडी 43 सेंटिमीटर भरली. ऑफिसच्या बऱ्याच खुर्च्यांची बैठक 46 सेंटिमीटर खोल असते. अशा खुर्चीत पाठ टेकवायला गेलं की कड पोटरीला रुतते, म्हणून माणूस नकळत पुढे सरकून बसतो आणि पाठ दिवसभर निराधार राहते. बैठकीची कड आणि गुडघ्याची खळी यांच्यात दोन-तीन बोटं मोकळी हवीत. तेवढी जागा काढायला कमरेमागे सात-आठ सेंटिमीटर जाडीची, दाबली तरी चपटी न होणारी उशी पुरते. उंच माणसाला मात्र हीच उशी देऊ नका. त्याला ती पुढे ढकलून बैठकीवरून खाली आणेल. आणि खाली बसायची फोमची गादी भेट द्यायची असेल, तर ती शरीराला तीन-चार सेंटिमीटर वर उचलते, म्हणजे फुटरेस्टचं गणित पुन्हा करावं लागतं, हे लक्षात ठेवा.

आता लॅपटॉप. याची अडचण त्याच्या घडणीतच आहे: पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. हात सुखात असले की मान खाली, आणि मान सरळ केली की हात वर. म्हणून नुसतं स्टँड भेट देणं ही अर्धवट भेट होते. स्टँडवर चढवलेल्या लॅपटॉपवरच टाइप करायला लागलं, तर खांद्यांची अवस्था पहिल्यापेक्षा वाईट. स्टँड द्यायचं तर सोबत वेगळा कीबोर्ड आणि माउस हवाच.

कीबोर्ड निवडताना तिच्या कामाकडे बघावं लागलं. उजवीकडचे अंक नसलेला छोटा कीबोर्ड छान दिसतो, आणि माउस शरीराच्या जवळ येत असल्यामुळे खांद्याला सोयीचाही असतो. लेखन किंवा भाषांतर करणाऱ्याला मी तोच देईन. पण हिचं काम दिवसभर क्लेम नंबर आणि बिलांच्या रकमा भरण्याचं. तिला अंकांचा वेगळा ठोकळा लागणारच. दुसरी गोष्ट म्हणजे कंपनीचा लॅपटॉप. रुग्णांची माहिती असलेल्या ठिकाणी पेनड्राइव्ह बंद केलेले असतात. कीबोर्ड-माउस बहुधा चालतात, पण काही ठिकाणी ब्लूटूथ बंद असतं. शिवाय नव्या लॅपटॉपना कधीकधी फक्त यूएसबी-सीची लहान भोकं असतात, तिथे जुन्या पद्धतीची पिन बसत नाही. आम्ही तिला आयटीवाल्यांना विचारायला लावलं आणि मग साधा वायरचा जोड घेतला. मनगटाखाली ठेवायची जेलची उशी दुकानदार आग्रहाने दाखवत होता, ती घेतली नाही. टाइप करताना मनगट तिच्यावर रेलून ठेवलं, तर जिथून नस आणि स्नायूंचे दोर जातात नेमका तोच भाग दाबला जातो. दोन ओळींच्या मध्ये हात टेकवायला ती ठीक, पण तसं कोणी वापरत नाही.

स्टँडच्या उंचीत चष्मा आडवा आला. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी, हा नेहमीचा ठोकताळा. बसल्यावर तिचे डोळे बैठकीपासून 68 सेंटिमीटर वर येतात, म्हणजे जमिनीपासून 121 आणि टेबलापासून 46. चौदा इंची लॅपटॉप उघडला की वरची कड टेबलापासून सुमारे 21 सेंटिमीटर येते, म्हणजे स्टँड 25 सेंटिमीटर वर न्यायला हवं. पण तिला नुकताच प्रोग्रेसिव्ह चष्मा लागलाय. त्यात जवळचं वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. पडदा उंच गेला की तिला हनुवटी वर करून खालच्या भागातून बघावं लागतं, आणि मान खाली वाकून दुखायच्या ऐवजी मागे कलून दुखते. म्हणून 15 सेंटिमीटरचं स्टँड घेतलं, पडदा डोळ्यांपेक्षा दहा सेंटिमीटर खाली ठेवला. घडी होऊन पिशवीत मावेल असंच घेतलं, कारण तिथे कुणालाच ठरलेली जागा नाही. सकाळी जी रिकामी मिळेल ती घ्यायची आणि संध्याकाळी टेबल मोकळं करून जायचं. फुटरेस्ट आणि उशी लॉकरमध्ये मावतील का, हेही आधी विचारलं होतं. गणपती, फोटोफ्रेम आणि झाडं इथेच बाद झाली. ठरलेलं टेबल असेल आणि खिडकी लांब असेल, तर मनीप्लांट तग धरतो. बाजारात सजवून मिळणारी निवडुंगं एसीच्या अंधारात लांबट होऊन मरतात.

वही मात्र मी हट्टाने घेतली, आणि तिच्यावर सगळ्यात जास्त विचार केला. आजार तिला येतात, विम्याची भाषा येत नाही: को-पेमेंट, सब-लिमिट, वेटिंग पिरियड, प्री-ऑथ. पहिल्या महिन्यात रोज दहा शब्द कानावर पडतात, आणि तेच पुन्हा विचारायला बेचाळिशीत संकोच वाटतो, समोरचा वरिष्ठ सव्वीस वर्षांचा असला की जास्तच. म्हणून कडेला अक्षरांच्या पायऱ्या कापलेली पत्त्यांची वही घेतली. शब्द ज्या अक्षराने सुरू होतो त्या पानावर जायचं, तिथे अर्थ लिहायचा आणि ज्या क्लेममध्ये तो अडला त्याची हकिगत एका वाक्यात. रुग्णाचं नाव, पॉलिसी नंबर, हॉस्पिटल यातलं काहीही लिहायचं नाही. 2023च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानंतर कंपन्या याबाबत कडक आहेत, आणि काही ठिकाणी कामाच्या जागी कागदसुद्धा नेऊ देत नाहीत. तिच्याकडेही तसंच निघालं, त्यामुळे वही लॉकरमध्ये राहते आणि जेवणाच्या सुट्टीत ती आठवून लिहिते. त्याने ते जास्त लक्षात राहतं असं ती म्हणते.

आणखी एक सुती स्टोल दिली, कारण वॉर्डात पंख्याखाली वावरलेल्या माणसाला एसीच्या थेट झोताखाली बसवलं की आठवड्यात घसा धरतो.

हे सगळं रुजू व्हायच्या दिवशी दिलं नाही. त्या दिवशी पेढे पुरेसे असतात. खुर्ची कुठली मिळते, लॉकर केवढा, आयटी काय चालू देतं, हे कळायला एक आठवडा जाऊ द्यावा. दुकानातून घेतलेल्या वस्तूंचं बिल पाकिटात घालावं, म्हणजे कीबोर्ड रुचला नाही तर तिला संकोच न करता बदलता येईल. सुताराच्या कामाला परतीची सोय नसते, म्हणून त्याच्याकडून त्याच प्लायच्या दोन जादा पट्ट्या कापून घेतल्या होत्या. पंधरवड्याने तिचा फोन आला की खुर्ची थोडी आणखी वर घेतली आहे आणि टाचा पुरत्या टेकत नाहीत. एक पट्टी खालून स्क्रूने मारली, 18 मिलिमीटर वाढले आणि टाचा टेकल्या.