राऊटरला हार्ड डिस्क लावली, पण वेग अडतो कुठे?

मंडळी, आपण कोपरगावातल्या एखाद्या फोटो स्टुडिओचं उदाहरण घेऊ. लग्नाचे २० जीबी फोटो आहेत. हार्ड डिस्क राऊटरच्या यूएसबी पोर्टला लावली, दोन्ही कॉम्प्युटरवरून ती उघडते, सोय झाली. पण वायफायवरून कॉपी करायला बसलो की वेग सेकंदाला ४ एमबी, म्हणजे ८३ मिनिटं! मग आपण म्हणतो, इंटरनेटचा प्लॅन वाढवू. इथेच आपण चुकतो. फाईल दुकानातल्या दुकानातच फिरते, प्लॅनचा इथे संबंधच नाही.

आता वाट अरुंद कुठे होते ते पाहू. यूएसबी २.० चा वेग ४८० मेगाबिट सांगतात. आठ बिटचा एक बाइट, म्हणजे ६० एमबी. प्रत्यक्षात ३०-३५ च्या आसपास मिळतात. राऊटरचा लॅन पोर्ट १०० मेगाबिटचा असेल, तर ११-१२ एमबीच्या वर जात नाही. शिवाय डिस्क वाचणं आणि फाईल पाठवणं ही दोन्ही कामं राऊटरच्या छोट्या प्रोसेसरवर पडतात. स्वस्त राऊटरमध्ये पुष्कळदा तोच आधी दमतो.

ओळखायचं कसं? तीच फाईल केबल लावून कॉपी करून बघू. वेग ११ वर गेला, तर अडचण वायफायची होती. काम अर्ध्या तासात होईल. वाढलाच नाही, तर राऊटरच कमी पडतोय. मग मोठी कॉपी डिस्क थेट कॉम्प्युटरला लावूनच करावी. राऊटरवर ती फोटो दाखवण्यापुरती ठेवावी.