टीव्ही बोलतो, स्पीकर गप्प

आमच्या मामांकडे 1980च्या दशकातला एक स्टिरिओ अॅम्प्लिफायर आहे. रेकॉर्डप्लेअर केव्हाच मोडीत गेला, पण अॅम्प्लिफायर आणि लाकडी पेटीतले स्पीकर धडधाकट. नव्या पातळ टीव्हीचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो म्हणून मामांनी दोन्ही जोडायचं ठरवलं. वायर लावली, आणि काहीच ऐकू येईना.

पहिली चूक टीव्हीच्या पाठीमागेच सापडली. लाल-पांढऱ्या सॉकेटच्या जोडीवर ‘एव्ही इन’ लिहिलं होतं, म्हणजे तिथून आवाज आत जातो, बाहेर येत नाही. बाहेर येणारा आवाज होता हेडफोनच्या छोट्या भोकात. एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना अशी वायर आणून ती अॅम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये लावली. ‘फोनो’मध्ये मात्र लावू नये. ती जागा रेकॉर्डच्या सुईकडून येणाऱ्या काही मिलीव्होल्टच्या संकेतासाठी असते. टीव्हीचा संकेत त्याच्या शेकडो पट मोठा असू शकतो, त्यामुळे आवाज फाटतो आणि नुसता घुमतो.

तरीही शांतता. मग वायर टीव्हीतून काढून मोबाइलला लावली आणि गाणं सुरू केलं. स्पीकर गप्पच, म्हणजे दोष अॅम्प्लिफायरकडे. ‘ऑक्स’ निवडलेलं होतं, स्पीकरचं बटण चालू होतं, पण ‘टेप मॉनिटर’ दाबलेलं! हे बटण दाबलं की अॅम्प्लिफायर ऑक्स सोडून टेपडेकचं ऐकतो, आणि टेपडेक तर घरात नव्हताच. जुन्या अॅम्प्लिफायरच्या गप्प बसण्यामागे हेच बटण असलेलं मी इतक्यांदा पाहिलंय, की आता सर्वांत आधी तेच बघतो. बटण सोडलं आणि गाणं वाजलं, पण एकाच बाजूने. दोन्ही पिना अॅम्प्लिफायरपाशी अदलाबदल केल्या. मुकी बाजू बदलली असती तर दोष वायरीचा किंवा मोबाइलचा. ती बदलली नाही. बॅलन्सची खुंटी मधोमध होती. सिलेक्टर दहा-बारा वेळा इकडेतिकडे फिरवला, तेव्हा खरखरत दुसरी बाजू जागी झाली. वर्षानुवर्षं न हललेल्या संपर्कांवर काट चढते, तिचा हा प्रताप.

वायर परत टीव्हीला लावली. आता आवाज होता, पण पुटपुटल्यासारखा. टीव्हीच्या मेनूत आवाजाच्या निर्गमाला ‘फिक्स्ड’ आणि ‘व्हेरिएबल’ असे दोन पर्याय होते. फिक्स्डमध्ये टीव्ही एकाच पातळीचा आवाज सोडतो. रिमोट कितीही दाबा, वाढवायचा तो अॅम्प्लिफायरच्या खुंटीनेच. व्हेरिएबलमध्ये रिमोट चालतो, पण टीव्हीचा आवाज शून्यावर असला तर अॅम्प्लिफायरला काहीच मिळत नाही. मामांचा टीव्ही व्हेरिएबलवर होता आणि आवाज पाचवर.

ऐकायला फिक्स्ड चांगलं, कारण पूर्ण ताकदीच्या संकेतात सूंऽऽ अशी खरखर दबून जाते. पण मामांचे गुडघे दुखतात, दर जाहिरातीला उठणार कोण? म्हणून व्हेरिएबलच ठेवलं. अॅम्प्लिफायरची खुंटी खाली आणली, टीव्हीचा आवाज शंभरातल्या सत्तरवर नेला, मग खुंटी सावकाश वाढवत खोलीला पुरेल तिथे थांबवली. खुंटीपाशी मामींनी कुंकवाचं बोट लावलंय, झाडताना फिरली तर कळावी म्हणून.